मन वळवणाऱ्या भाषणाचं रुब्रिक: जे शिकवलं तेच मोजायचं कसं

शाळेत भाषण म्हटलं की कपाटातून एकच कागद बाहेर निघतो, वक्तृत्व स्पर्धेचा गुणतक्ता. आशय, मांडणी, भाषाशैली, हावभाव, पाठांतर. प्रत्येकाला चार, एकूण वीस. आठवीला मन वळवणारं भाषण पहिल्यांदा शिकवलं त्या वर्षी मीही तोच कागद काढला. विषय होता, ‘मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडं ठेवावं’, आणि भाषण करायचं होतं शाळा व्यवस्थापन समितीसमोर बोलतोय असं समजून.

एक मुलगा उभा राहिला. खणखणीत आवाज, ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरुवात, मध्ये दोन सुविचार, शेवटी हात उंचावून ‘वाचाल तर वाचाल’. त्याला मी १७ दिले. त्याच्या नंतर एक मुलगी कागदात बघत, खालच्या पट्टीत बोलली. तिने महिनाभर रोज मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या दारापर्यंत जाऊन वहीत नोंद ठेवली होती. शाळेचे दिवस २४, त्यातले १९ दिवस कुलूप. पुस्तकं हरवतील अशी भीती वाटत असेल तर आठवीतली दोन मुलं रोज नोंदवही सांभाळतील, असंही ती म्हणाली. तिला ११ मिळाले.

घरी गुण उतरवताना लक्षात आलं की मुलाने मागणी केलीच नव्हती. वाचनाचं महत्त्व सांगून तो बसला होता. मी पाच तास शिकवलं होतं ते सगळं त्या मुलीने केलं होतं, आणि माझ्या कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता. स्पर्धेचा तक्ता वाईट नाही. तो उत्तम वक्ता निवडायला बनवलेला आहे, शिकवलेलं किती पोचलं हे बघायला नाही. दुसऱ्या वर्षी मी रुब्रिक, म्हणजे प्रत्येक निकषाच्या पातळ्या शब्दांत सांगणारा गुणतक्ता, नव्याने बनवलं. त्याच क्रमाने पुढे सांगतो.

आधी उद्दिष्टं, तीही ऐकू येतील अशी

रुब्रिकची सुरुवात रुब्रिकपासून करायची नाही. पाठाच्या टाचणाची वही काढायची आणि प्रत्येक तासाला खरोखर काय शिकवलं ते लिहायचं. टाचणात ‘विद्यार्थ्यांमध्ये प्रभावी संभाषणकौशल्य विकसित होणे’ असं काहीतरी असतंच. त्याचा इथे उपयोग नाही, कारण ‘प्रभावी’ कानाला ऐकू येत नाही. मूल दोन मिनिटं बोलत असताना मला काय ऐकू आलं म्हणजे मी म्हणेन की हे त्याला जमलं? उत्तर ज्या क्रियापदात येईल तेच उद्दिष्ट.

माझ्या पाच तासांतून अशी चार उद्दिष्टं निघाली. पहिल्या तासाला आम्ही मागणी आणि श्रोता केला होता: कोणाला सांगायचं, आणि त्या माणसाच्या हातात काय आहे. म्हणून उद्दिष्ट असं: समितीला करता येईल अशी एक नेमकी मागणी मूल सांगतं. दुसरा आणि तिसरा तास कारणं आणि पुरावा यांत गेला: मूल दोन कारणं देतं, प्रत्येकाला पुरावा जोडतं आणि त्या पुराव्यावरून मागणी कशी निघते ते सांगतं. चौथा तास आक्षेपाचा: श्रोत्याच्या मनात येणारी हरकत मूल स्वतःच मांडतं आणि तिला उत्तर देतं. पाचवा बोलण्याच्या सरावाचा: मूल टिपणावरून मान वर करून, शेवटच्या बाकावर ऐकू येईल असं बोलतं.

श्रोता नेमका असण्याला इथे मोठं महत्त्व आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. पालकांसमोर बोलायचं म्हणजे ‘मुलं डबा न खाता पुस्तकाकडे पळतील’ ही हरकत येणार, आणि मुख्याध्यापक असतील तर ‘लक्ष कोण ठेवणार’ ही. श्रोता ‘सर्वजण’ असा मोघम ठेवला की मुलाला आक्षेप सुचत नाही आणि मग रुब्रिकमधली ती ओळ सगळ्यांचीच रिकामी राहते. अशा वेळी दोष रुब्रिकचा नसतो, काम नीट दिलेलं नसतं.

दोन्ही बाजूंनी पडताळा

आता उद्दिष्टं डाव्या बाजूला लिहायची, मनातले निकष उजव्या बाजूला, आणि रेघा जोडायच्या. प्रत्येक उद्दिष्टाला निदान एक निकष हवा, हे सहसा सगळे बघतात. उलटी तपासणी मात्र राहून जाते: प्रत्येक निकषाला शिकवलेलं उद्दिष्ट आहे का?

माझ्या पहिल्या कच्च्या यादीत पाठांतर होतं, शुद्ध उच्चार होते, सुवचनांचा वापर होता, वेळेचं भान होतं. रेघा जोडल्यावर चौघेही लोंबकळत राहिले. पाठांतर मी शिकवलं नव्हतं, उलट टिपण हातात ठेवायला सांगितलं होतं. वेळ ही कामाची अट आहे, कौशल्य नाही. दोन मिनिटं झाली की घंटी वाजते, त्याला गुण कशाला?

शुद्ध उच्चार यादीतून वगळताना सहकाऱ्यांशी वाद झाला. मराठीच्या शिक्षकाने ‘न’ आणि ‘ण’ सोडून द्यायचे का? माझं म्हणणं असं की उच्चार शिकवायचे असतील तर त्याचा तास घ्या आणि त्याचं वेगळं मूल्यमापन करा. ज्या मुलाच्या घरी वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलतात त्याने गावच्या पालकांना त्यांच्या बोलीत पटवलं, तर या कामात ते उणं नाही. प्रमाण भाषेची ओळ ठेवली असती तर त्याचे गुण गेले असते ते घरच्या भाषेपायी, शिकवलेलं न जमल्यामुळे नव्हे.

दोन निकष एकाच गोष्टीची दोनदा शिक्षा देत नाहीत ना, हेही इथेच बघून घ्यावं. ‘आशय’ आणि ‘मुद्देसूदपणा’ या दोन ओळी ठेवल्या की पुरावा नसलेलं मूल दोन्हीकडे मार खातं. नाव वेगळं असलं तरी गुण देताना माझं पेन एकाच कारणासाठी दोनदा खाली येत असेल, तर त्यातली एक ओळ खोडायची.

पातळ्यांची वर्णनं: ‘तीन’पासून सुरुवात

रुब्रिकचं खरं काम इथे आहे आणि घाईही इथेच होते. ‘उत्तम, चांगले, बरे, सुधारणा आवश्यक’ असे चार रकाने आखून त्यांत ‘उत्तम पुरावा दिला’, ‘चांगला पुरावा दिला’ लिहिलं की झालं असं वाटतं. पण ‘उत्तम’ आणि ‘चांगला’ यांतला फरक त्या कागदावर कुठेच नसतो. तो गुण देणाऱ्याच्या मनात असतो, आणि दुपारनंतर बदलतो.

मी चार पातळ्या ठेवतो. तीन किंवा पाच ठेवल्या की मधला रकाना तयार होतो आणि थकलेला शिक्षक अर्धा वर्ग तिथेच बसवतो. लिहायला सुरुवात पातळी ३ पासून करायची, कारण उद्दिष्ट जसंच्या तसं तिथे बसतं: शिकवलेलं जमलं म्हणजे ३. मग खाली यायचं आणि वर्गात मुलं खरोखर कशी चुकतात ते आठवून २ आणि १ लिहायचे. ४ सगळ्यात शेवटी.

आक्षेपाची ओळ कशी बनली ते सांगतो. पातळी ३ सोपी गेली: श्रोत्याचा खरा आक्षेप त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडला आणि त्यालाच उत्तर दिलं. २ साठी जुनी भाषणं आठवली. मुलांची नेहमीची युक्ती अशी की हरकत सोपी करून घ्यायची, ‘काही लोक म्हणतात वाचन वाईट आहे’, आणि मग ती दणक्यात खोडायची. असं कोणी म्हणतच नाही. दुसरी चूक अशी की आक्षेप पुस्तकं हरवण्याचा आणि उत्तर वाचनाच्या फायद्याचं. या दोन्ही चुका २ मध्ये गेल्या. १ म्हणजे आक्षेपाचा उल्लेखच नाही, किंवा विरोध करणाऱ्यालाच नावं ठेवली.

४ साठी आधी मी लिहिलं होतं, ‘दोन किंवा अधिक आक्षेप’. ते खोडलं. संख्या वाढवली की मुलं आक्षेपांची यादी वाचून दाखवतात आणि एकालाही धड उत्तर देत नाहीत. वरची पातळी दर्जाने वेगळी हवी. मग लिहिलं: आक्षेपात जे खरं आहे ते मान्य केलं आणि तरीही मागणी कशी चालेल ते सांगितलं. ‘हो, मागच्या वर्षी पुस्तकं हरवली होती, म्हणूनच नोंदवही हवी’ हे वाक्य ४ चं.

पूर्ण तक्ता असा झाला:

| निकष | ४ | ३ | २ | १ |
|---|---|---|---|---|
| मागणी व श्रोता | नेमकी मागणी. ती मान्य करण्यात समितीचं काय हित आहे तेही सांगितलं | समितीला करता येईल अशी एक नेमकी मागणी | मागणी मोघम, किंवा समितीच्या हातात नसलेली | विषयावर बोललं. काय हवं ते कळत नाही |
| कारणं व पुरावा (दुप्पट) | दोन्ही कारणांना पुरावा, तो कुठून आला ते सांगितलं, दोन्हीकडे मागणीशी दुवा उलगडला | दोन्ही कारणांना पुरावा, तो कुठून आला ते सांगितलं. एका ठिकाणी तरी दुवा | एकाच कारणाला पुरावा, किंवा तो कुठला ते कळत नाही | नुसती कारणं, किंवा सुविचारच पुरावा म्हणून |
| आक्षेप | आक्षेपातलं खरं ते मान्य करून उत्तर | खरा आक्षेप नीट मांडून त्यालाच उत्तर | सोपा करून घेतलेला आक्षेप, किंवा उत्तर भलत्यालाच | आक्षेप नाही, किंवा विरोधकाला नावं ठेवली |
| बोलणं | ऐकू येतं, श्रोत्यांकडे बघतं, महत्त्वाच्या वाक्याआधी थांबतं | ऐकू येतं, टिपणाकडे अधूनमधून बघतं | काही भाग ऐकू येत नाही, किंवा बहुतेक वाचून दाखवतं | मागणीसुद्धा ऐकू येत नाही |

भावनेला ओळ का नाही, असं कोणीतरी विचारतंच. मुलाने आपल्या बहिणीला पुस्तक मिळालं नाही ही गोष्ट रडवेल अशी सांगितली तर ती कुठे धरायची? गोष्ट मागणीशी जोडलेली असेल तर ती पुराव्यातच येते. जोडलेली नसेल तर ऐकायला कितीही गोड लागो, तिला इथे गुण नाहीत.

गुण कुठे किती

वजन ठरवायला मी तास मोजले. मागणीला एक तास, पुराव्याला दोन, आक्षेपाला एक, बोलण्याला एक. म्हणून पुराव्याची ओळ दुप्पट, आणि बेरीज ४ + ८ + ४ + ४ म्हणजे २०. हा काही शास्त्रीय नियम नाही. पण ज्यावर दोन तास घालवले त्याला दोन गुण आणि ज्यावर अर्धा तास दिला त्याला आठ, असं होत असेल तर कुठेतरी गफलत आहे हे यावरून कळतं.

त्या दोन भाषणांना हे लावून पाहिलं. खणखणीत मुलाला मागणी १, पुरावा १ चे दुप्पट म्हणजे २, आक्षेप १, बोलणं ४. एकूण ८. मुलीला मागणी ४, पुरावा ३ चे दुप्पट ६, आक्षेप ३, बोलणं २. एकूण १५. म्हणजे १७ आणि ११ चे झाले ८ आणि १५.

इथे एक हिशोब आधीच करून ठेवावा लागतो. सगळीकडे ३, म्हणजे शिकवलेलं सगळं जमलेलं मूल, वीसपैकी १५ वर येतं. ते ७५ टक्के झाले, आणि आपल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या श्रेणीत ७१ ते ८० म्हणजे ब-१. पालक विचारतात, सगळं आलं मग ‘अ’ का नाही? मला स्वतःला ब-१ योग्य वाटते, कारण ४ मध्ये शिकवलेल्यापलीकडचं काहीतरी आहे. पण तुम्हाला ते पटत नसेल तर ३ ला साडेतीन गुण द्या, म्हणजे तेच मूल साडेसतरावर आणि अ-२ मध्ये जाईल. फक्त हे भाषणं ऐकण्याआधी ठरवायचं. नंतर ठरवलं की आवडत्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो.

वर्गात नेण्याआधी दोघांनी गुण द्यायचे

मागच्या वर्षीच्या तीन भाषणांची फोनवरची ध्वनिमुद्रणं माझ्याकडे होती. ती मी आणि एका सहकारी बाईंनी वेगवेगळं बसून ऐकली, गुण दिले आणि मग कागद शेजारी ठेवले. एका पातळीचा फरक मी सोडून देतो, तो माणसामाणसांत राहणारच. दोन पातळ्यांचा फरक दिसला की वाक्य दुरुस्त करायचं, माणूस नाही.

पुराव्याच्या ओळीत तसा फरक निघाला. त्या २४ पैकी १९ दिवसांच्या नोंदीला मी ४ दिले होते, बाईंनी २. तेव्हा पातळी ३ आणि ४ मध्ये ‘विश्वासार्ह पुरावा’ असे शब्द होते. बाईंच्या मते विश्वासार्ह म्हणजे वर्तमानपत्रातलं किंवा पुस्तकातलं, मुलीची वही त्यात बसत नाही. माझ्या मते समितीला त्याहून पटणारं काही नव्हतं, कारण कोणीही उद्या दाराशी जाऊन बघू शकतं. शेवटी दोघांनाही चालेल असा शब्द सापडला: तो कुठून आला ते सांगितलं. त्या कसोटीवर आम्ही दोघेही ३ वर आलो, कारण पुरावा दोन्हीकडे होता पण दुवा तिने एकदाच उलगडला होता. ‘विश्वासार्ह’, ‘योग्य’, ‘पुरेसा’, ‘प्रभावी’ हे शब्द मसुद्यात दिसले की तिथे भांडण लपलेलं आहे असं समजावं.

सहकारी मिळाला नाही तर हीच भाषणं पंधरा दिवसांनी पुन्हा ऐका, आधीचे गुण न बघता. स्वतःशीच भांडण होतं.

मुलांच्या हातात देताना

तक्ता जसाच्या तसा वाटू नये. आठवीच्या मुलाला ‘दुवा उलगडला’ म्हणजे काय ते कळत नाही. मी पातळी ३ ची चारच वाक्यं ‘मी’ लावून फळ्यावर लिहितो: समितीला काय करायला सांगतोय ते मी एका वाक्यात सांगितलं; माझ्या दोन्ही कारणांना पुरावा आहे आणि तो मला कुठे मिळाला ते मी सांगितलं; आणि तसंच पुढे. मग मीच मुद्दाम फसलेलं एक भाषण करतो, आणि वर्गाने बोटांनी गुण द्यायचे. अर्ध्या वर्गाने आक्षेपाला तीन बोटं दाखवली आणि अर्ध्याने एक, की थांबून विचारायचं, कुठल्या वाक्याला दिलेत? रुब्रिक समजायला ही दहा मिनिटं पुरतात.

हे लेखनाच्या आधी करायचं. भाषणाच्या दिवशी वाटलेल्या तक्त्याचा मुलांना काही उपयोग नाही.

प्रत्यक्ष गुण देताना

वर्गात ४२ मुलं. आधी भाषण तीन मिनिटांचं ठेवलं होतं. गुण टिपायला एक मिनिट धरलं तर ३५ मिनिटांच्या तासात आठ मुलं होतात आणि सहा तास जातात, म्हणजे शिकवायला लागले त्याहून जास्त. म्हणून भाषण दोन मिनिटांवर आणलं. तासाला अकरा मुलं, चार तासांत वर्ग संपतो. दोन मिनिटांत माझ्या मुलांचे सव्वादोनशे-अडीचशे शब्द होतात, त्यात दोन कारणं आणि एक आक्षेप बसतो. तिसरं कारण बसत नाही, म्हणून रुब्रिकमध्येही ते मागायचं नाही.

भाषण चालू असताना मी पातळी लिहीत नाही, मुलाचे शब्द लिहितो: ‘१९ दिवस’, ‘नोंदवही’, ‘हरवतील’. मूल बसल्यावर त्या शब्दांवरून पातळी ठरते. याचा फायदा असा की मूल किंवा पालक नंतर विचारायला आले तर दाखवायला काहीतरी असतं. पहिल्या दोन मुलांचे गुण मी तासाच्या शेवटी पुन्हा बघतो, कारण सुरुवातीला हात आखडता असतो.

शेवटी समिती झालेल्या वर्गाने हात वर करून मत दिलं तर मजा येते, मी ते करतोही. पण त्याला गुण नाहीत. मित्र जास्त असणाऱ्याला हात जास्त मिळतात.

सगळे कागद झाले की बेरजेआधी ओळीवार मोजणी करतो. गेल्या खेपेला आक्षेपाच्या ओळीत ४२ पैकी २६ मुलं १ किंवा २ वर होती, बाकीच्या ओळी ठीक होत्या. इतकी मुलं एकाच जागी अडली म्हणजे माझा चौथा तास फसला होता. पुढच्या आठवड्यात एक तास त्यालाच दिला. जोड्या पाडल्या, एकाने पालक व्हायचं आणि ‘नाही’ म्हणायचं, दुसऱ्याने आधी त्याचं ‘नाही’ त्याच्याच शब्दांत परत सांगायचं, आणि पालकाने ‘हो, हेच म्हणतोय मी’ म्हटल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. मग त्या २६ जणांचा फक्त आक्षेपाचा भाग पुन्हा ऐकला, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचा, आणि तेवढ्याच ओळीचे गुण बदलले.